चित्राला लागलं, चौकटीला नाही

नव्वदच्या दशकात ज्यांनी व्हिडिओ गेम पार्लरमध्ये खाऊचे पैसे उडवले, त्यांना ‘स्ट्रीट फायटर २’च्या मशीनसमोरची हुज्जत नव्यानं सांगायला नको. कॅपकॉम या जपानी कंपनीचा हा खेळ १९९१ साली आला. दोघं शेजारी उभे राहून बटणं बडवत आणि मागे उभी असलेली पोरं पंचगिरी करत. "लागली की रे लाथ! बूट पोटात घुसलेला दिसला सगळ्यांना!" आणि समोरच्याच्या पट्टीतली ताकद मात्र जशीच्या तशी. मग मशीनला शिव्या, कधी मशीनलाच एक लाथ.

मशीनची बाजू अगदी साधी आहे. पडद्यावर दिसणारं चित्र ते बघतच नाही. रियूचा पांढरा पोशाख, कपाळावरची लाल पट्टी, ताणलेला पाय हे सगळं आपल्यासाठी असतं. अशा हलत्या चित्राला स्प्राइट म्हणतात. या चित्राखाली, आपल्याला न दिसणारे काही आयत पात्राबरोबर फिरत असतात. फटका लागला की नाही याचा निकाल त्या आयतांवरून लागतो. चित्र आणि आयत यांची जुळवणी कुणीतरी माणसानं बसून केलेली असते, आणि ती जुळवणी तंतोतंत नसावी असं त्यानं बहुतेक वेळा ठरवूनच केलेलं असतं.

आयत मुख्यतः दोन प्रकारचे. पहिला हिटबॉक्स. ठोसा किंवा लाथ ज्या जागेत इजा करू शकते ती जागा. दुसरा हर्टबॉक्स. पात्राला ज्या जागेत इजा होऊ शकते ती जागा. एकाचा हिटबॉक्स दुसऱ्याच्या हर्टबॉक्सवर एका पिक्सेलनं जरी चढला, तरी फटका लागला. दोघांचे हिटबॉक्स एकमेकांवर आले तर साधारणपणे काहीच होत नाही. दोघांचे हर्टबॉक्स एकमेकांत मिसळले तरी काही होत नाही. दोन्हीकडचे हिटबॉक्स एकाच क्षणी समोरच्याच्या हर्टबॉक्सला भिडले तर दोघंही मार खातात. याशिवाय तिसरा एक आयत असतो, दोन पात्रांना एकमेकांच्या आरपार चालत जाऊ न देणारा. तो इजा करत नाही आणि सोसतही नाही, फक्त ढकलतो. त्याचं काम तेवढंच.

‘स्ट्रीट फायटर २’मध्ये उभ्या पात्राला सहसा तीन हर्टबॉक्स असतात: डोक्याला एक, धडाला एक, पायांना एक. चुन-लीच्या केसांचे अंबाडे, मनगटावरचे काटेरी पट्टे, रियूच्या पट्टीची फडफडती टोकं असल्या बारकाव्यांना तीन आयतांत जागा कुठून मिळणार? हिटबॉक्स तर कायमचा नसतोच. फटका मारतानाच्या मोजक्या क्षणांपुरता तो उगवतो आणि नाहीसा होतो. हर्टबॉक्स जवळजवळ सतत असतो, पण पात्र वाकलं, उडालं, पाय टाकला की त्याचा आकार बदलतो. या दोन वेळापत्रकांमधल्या फरकावरच मारामारीच्या खेळांचं सगळं डावपेचशास्त्र उभं आहे.

हे वेळापत्रक फ्रेममध्ये मोजतात. हे खेळ सेकंदाला ६० चित्रं दाखवतात, म्हणजे एक फ्रेम १६ ते १७ मिलिसेकंदांची. प्रत्येक फटक्याचे तीन भाग असतात: पाय बाहेर निघतो तो, पाय मारू शकतो तो, आणि पाय मागे येतो तो. हिटबॉक्स फक्त मधल्या भागात असतो. एक लढत मोजून पाहू. आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत, पण हिशेब खराच असाच चालतो.

पडदा ३८४ पिक्सेल रुंद आहे. रियू १०० व्या पिक्सेलवर उजवीकडे तोंड करून उभा. केन १८० वर, डावीकडे तोंड करून. रियू खाली बसून लाथ मारतो. चित्रात त्याच्या पावलाची बोटं १६६ पर्यंत पोहोचतात. केनचं पुढचं पाऊल चित्रात १६० वर टेकलेलं आहे. म्हणजे डोळ्यांना सहा पिक्सेलची धडक स्वच्छ दिसते. आता खालचे आयत पाहा. रियूच्या लाथेचा हिटबॉक्स १३० ते १६२. केनचा हर्टबॉक्स १६४ ते १९६. मध्ये दोन पिक्सेलची फट. लाथ हुकली. पार्लरमधल्या सगळ्या भांडणांचं मूळ हे दोन पिक्सेल.

खरी गंमत यानंतर आहे. लाथ मारण्यासाठी रियूनं पाय बाहेर काढला, तेव्हा त्या पायालाही हर्टबॉक्स चिकटला, ११५ पासून १५८ पर्यंत. धरा की पाय बाहेर निघायला ४ फ्रेम, मारण्याच्या ४ आणि मागे यायला १०. नवव्या फ्रेमला हिटबॉक्स गेला, पण पाय अजून बाहेरच आहे आणि त्याच्यावरचा हर्टबॉक्सही. या वेळी केननं जागेवरून हीच लाथ उलट मारली, तर त्याचा हिटबॉक्स १५० पासून ११८ पर्यंत येतो. तो थेट रियूच्या पायात. तेवढंच अंतर, तीच लाथ, पण रियूची हुकली आणि केनची लागली. कारण केननं लक्ष्य पुढे आणलं नव्हतं आणि रियूनं स्वतःहून आणून दिलं होतं.

कबड्डी खेळलेल्यांना हे वेगळं शिकवावं लागत नाही. पाय लांब टाकून टच करायला गेलेल्या चढाईपटूचा घोटा त्याच क्षणी बचावपटूच्या हातात जाऊ शकतो. जो अवयव गुण मिळवायला गेला, तोच पकडला जातो.

केनकडे यासाठी वेळ किती? रियूची लाथ एकूण १८ फ्रेमची. केनचा फटका अठराव्या फ्रेमला लागायचा, तर त्याला चौदाव्या फ्रेमला बटण दाबावं लागेल. रियूचा पाय हलायला लागल्यापासून तेरा फ्रेम, म्हणजे सेकंदाच्या पाचव्या भागाहून थोडंसं जास्त. डोळ्यानं पाहून बोट हलवायला माणसाला साधारण इतकाच वेळ लागतो. म्हणून चांगला खेळाडू लाथ बघून उत्तर देत नाही. समोरचा आता लाथ टाकणार असा अंदाज बांधून तो त्या दोन पिक्सेलच्या फटीबाहेर उभा राहतो आणि वाट बघतो. धालसिम हे भारतीय योग्याचं पात्र तर या सौद्याचं टोकाचं रूप. त्याचे हात-पाय अर्धा पडदा ओलांडून जातात, पण लांबलेल्या हातालाही हर्टबॉक्स असतो. दूर उभ्या धालसिमला न गाठता त्याच्या मुठीला मारता येतं.

मग प्रश्न असा, की हे आयतांचं लचांड हवंच कशाला? चित्रातला रंगीत पिक्सेल दुसऱ्या चित्रातल्या रंगीत पिक्सेलला टेकला की फटका, इतकं सोपं का नाही ठेवलं? जुन्या मशीनना ते झेपत नव्हतं, असं उत्तर सर्रास दिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. दोन आयत एकमेकांवर आहेत का, हे ठरवायला चार तुलना पुरतात: डावी कड, उजवी कड, वरची, खालची. पिक्सेल तपासायचे तर शेकडो तुलना. तेव्हा किंमतीचा मुद्दा होताच. पण पिक्सेल-अचूक टक्कर ही नंतर सुचलेली प्रगत गोष्ट नाही, ती आधीची आहे. १९७७ च्या अटारी २६०० या घरगुती यंत्रातली चित्र काढणारी चिपच हे काम करायची. दोन वस्तूंचे पिक्सेल एकाच ठिकाणी आले की ती त्याची नोंद करून ठेवी आणि खेळाचा प्रोग्राम ती नोंद वाचून घेई. १९८२ च्या कमोडोर ६४ मध्येही स्प्राइट स्प्राइटला भिडल्याची अशी नोंद फुकटात मिळायची. सोय हाताशी असतानाही, खेळ गुंतागुंतीचे झाले तसे लोक आयतांकडे वळले. कारण पिक्सेल-अचूक टक्कर प्रामाणिक असते, पण न्याय्य नसते.

उभं असलेलं पात्र बघा. ते श्वास घेतं, खांदे वरखाली होतात, गुडघे किंचित झुलतात. पुतळा वाटू नये म्हणून चित्रकारानं हे केलेलं असतं. टक्कर चित्रावर ठरली, तर समोरच्यानं श्वास सोडला असताना लागणारी लाथ श्वास घेताना हुकेल. अंतर तेच, बटण तेच, वेळ तीच, आणि निकाल मात्र छातीच्या फुगवट्यावर. असल्या खेळात कुणी सराव करून काय करणार? म्हणून चित्र झुललं तरी हर्टबॉक्स सहसा जागेवर स्थिर ठेवतात. तसंच पट्टीच्या टोकांचं. फडफडणारं फडकं मार खाऊ लागलं, तर ते फडकं चित्रातून काढून टाकावं लागेल आणि रियू फिका पडेल. आयत वेगळे ठेवले की चित्रकाराला मोकळं रान मिळतं.

चित्रकार ते रान पुरेपूर वापरतो. झपकन मारलेला ठोसा दोन-तीन फ्रेममध्ये दाखवायचा, तर मूठ खऱ्यापेक्षा मोठी काढतात, हात जास्त ताणतात, मागे वेगाचा फराटा सोडतात. डोळ्याला जोर जाणवावा हा त्याचा हेतू. पण अंतर आणि वेळ यांची वाटणी करणारा माणूस वेगळा असतो. हा फटका फार भारी झालाय, आठ पिक्सेल कमी करा, असं तो म्हणतो. प्रत्येक वेळी चित्र पुन्हा काढणं परवडत नाही, आयताच्या कडेचा आकडा बदलणं परवडतं. खेळ बाजारात आल्यावर निघणाऱ्या दुरुस्त्यांमध्ये असे आकडे सर्रास बदलतात. चित्र तेच राहतं, लाथ आखूड होते. चित्र आणि चौकट यांचा घटस्फोट बऱ्याचदा असा हळूहळू, आवृत्ती-आवृत्तीनं होतो.

मारामारीच्या खेळात दोन माणसं समोरासमोर असतात, त्यामुळे एकाला सूट दिली की दुसऱ्यावर अन्याय. जिथे माणूस एकटाच यंत्राशी खेळतो तिथे मात्र चौकट उघड उघड माणसाच्या बाजूनं झुकवलेली असते. निन्टेन्डोचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घ्या, १९८५ चा. छोटा मारिओ १६ बाय १६ पिक्सेलच्या चौकोनात बसवलेला आहे. शत्रूशी टक्कर ठरवणारा त्याचा आयत मात्र १० रुंद आणि १२ उंच. दोन्ही बाजूंनी तीन-तीन पिक्सेल आणि वरून चार पिक्सेल छाटलेले. म्हणजे चौकोनाच्या निम्म्याहून कमी भागालाच धोका. टोपीचा शेंडा आणि पुढे आलेलं नाक जवळपास विमा उतरवलेलं. शिवाय शत्रूशी धडक झाली का, याची तपासणी एक फ्रेम सोडून एक होते. जमीन आणि भिंतींसाठी हा आयत वापरतच नाहीत. त्यासाठी पाय, डोकं आणि दोन्ही कुशींजवळचे ठरावीक बिंदू तपासले जातात.

या सुटीमागचा विचार खेळ बनवणाऱ्यांना चांगलाच ठाऊक असतो. थोडक्यात वाचलो असं वाटलं तर खेळणारा खूश होतो आणि ते स्वतःचं कसब समजतो. न टेकता मेलो असं वाटलं तर तो खेळ बंद करतो. दोन्हीकडे चूक चारच पिक्सेलची, पण एक चूक कुणाच्या लक्षात येत नाही आणि दुसरी कुणी विसरत नाही. म्हणून काट्यांचा आयत चित्रापेक्षा लहान ठेवतात आणि नाण्याचा मोठा.

ही सूट टोकाला गेली ती विमानांच्या गोळीबारी खेळांत. तोआप्लान कंपनीचा १९९३ चा ‘बात्सुगुन’ आणि त्या कंपनीतून बाहेर पडलेल्या मंडळींच्या ‘केव्ह’चा १९९५ चा ‘डोनपाची’ यांनी पडदा गोळ्यांनी भरून टाकला. चित्रातल्या अख्ख्या विमानाला गोळी लागू शकली असती, तर त्या गर्दीत कुणीच तग धरला नसता. म्हणून या घराण्याच्या खेळांत विमानाचा मर्मभाग मध्यावरच्या काही पिक्सेलइतका आक्रसत गेला. पंखांतून गोळी आरपार जाते आणि काही होत नाही. ‘तोहो’ मालिकेतल्या बऱ्याच खेळांत Shift दाबून धरलं की पात्र हळू चालतं आणि त्याच्या पोटावर एक छोटा ठिपका उजळतो. जिवाला धोका आहे तो तेवढ्यालाच. आपल्या डोळ्यांची सवय मोडून त्या ठिपक्याकडे बघत खेळायला शिकणं, हीच या खेळांची पहिली पायरी आहे.

पात्रं त्रिमितीय झाल्यावर आयत गेले आणि त्यांच्या जागी गोल आणि कॅप्सूलसारखे लांबट आकार आले. पण जुळवणी तशीच ढोबळ राहिली. २००१ च्या ‘सुपर स्मॅश ब्रदर्स मेली’मध्ये शरीराच्या हाडांना लांबट हर्टबॉक्स जोडलेले आहेत आणि फटक्यांचे हिटबॉक्स हे गोळे आहेत. मार्थ या तलवारबाजाच्या पात्याच्या टोकावरचा गोळा मुठीजवळच्या गोळ्यांपेक्षा जास्त जोरात लागतो, म्हणून मार्थ खेळणारा नेमकं टोक लागेल असं अंतर राखायला शिकतो. तलवारीला हिटबॉक्स आहे, हर्टबॉक्स नाही. हात पुढे न घालता मारण्याची ही चैन आहे. धालसिमला ती नाही.

आता बिघाडांकडे. सगळ्यात सोपा बिघाड नवशिके खेळकर्ते हमखास करतात. हिटबॉक्स चार फ्रेम जिवंत असतो, आणि लागला का ही तपासणी दर फ्रेमला होते. मग एकच ठोसा चार वेळा लागतो. त्यासाठी, या फटक्यानं या पात्राला एकदा मारून झालंय, अशी नोंद ठेवावी लागते. ताकदीची पट्टी एका फटक्यात घसरगुंडीसारखी खाली आली, तर दोष बहुधा हाच. दुसरा बिघाड वेगाचा. गोळी एका फ्रेममध्ये २० पिक्सेल सरकते आणि समोरचा आयत ८ पिक्सेल जाड आहे. आधीच्या फ्रेमला गोळी अलीकडे होती, पुढच्या फ्रेमला पलीकडे, मधे ती कधी नव्हतीच. भिंतीतून गोळी पार. उपाय म्हणजे मागची जागा आणि आताची जागा जोडून मधला पट्टाही तपासायचा. ‘मेली’मधले गोळे अशाच रीतीनं मागच्या फ्रेमशी जोडलेले असतात, म्हणून वेगानं फिरवलेली तलवार समोरच्याला चुकवून जात नाही.

तिसरा बिघाड खेळणाऱ्यांच्या सर्वात जास्त शिव्या खातो. तो आळसाचा. मोठ्या राक्षसाच्या धडकेसाठी नेमके आकार बसवण्याऐवजी एकच अजस्र चौकट टाकून मोकळं व्हायचं. कॅपकॉमच्याच ‘मॉन्स्टर हंटर’ मालिकेतला प्लेसिओथ हा माशासारखा प्राणी यासाठी बदनाम आहे. तो कुल्ल्यानं धडक देतो, आणि त्याच्या अंगापासून चांगलं लांब उभं असलेलं माणूस उडून पडतं. चित्र आणि चौकट जुळत नसणं हा इथला गुन्हा नाही, ती मारिओतही जुळत नव्हती. चौकट खेळणाऱ्याच्या विरुद्ध बाजूला झुकलेली आहे, हा गुन्हा आहे. कुठली विसंगती मुद्दाम ठेवलेली आणि कुठली निष्काळजीपणानं राहिलेली, हे ओळखायला मी हाच निकष लावतो.

हे आयत स्वतःच्या डोळ्यांनी बघायचे असतील तर आता फारशी खटपट लागत नाही. ‘स्कलगर्ल्स’ या २०१२ च्या खेळाच्या सराव विभागात ते सरळ चालू करता येतात. स्वतः खेळ बनवणाऱ्यांना गोडो या मोफत साधनात Debug मेनूत Visible Collision Shapes हा पर्याय मिळतो. जुन्या ‘स्ट्रीट फायटर’साठी हौशी मंडळींनी खेळाच्या मेमरीतून आयतांचे आकडे शोधून काढले आणि संगणकावर तो खेळ चालवताना ते चित्रावरच रंगवून दाखवले. हिटबॉक्स लाल, हर्टबॉक्स निळे.

असा रंगवलेला खेळ एकेक फ्रेम पुढे सरकवत बघा, आणि पहिल्यांदा रियूचा शोर्युकेन बघा, तो उडी मारत वर मारायचा ठोसा. सुरुवातीच्या काही फ्रेममध्ये रियूच्या अंगावर निळा आयत नसतोच. चित्र आहे, पात्र आहे, पण मारायला जागा नाही. म्हणूनच उडी मारून अंगावर येणाऱ्याला तो इतक्या निर्धास्तपणे खाली पाडतो. पुढे लाल आयत विझतो, निळे परत येतात आणि रियू हवेतून खाली येऊ लागतो, आता मारू न शकणारा आणि मार खाऊ शकणारा. ज्याचा शोर्युकेन हुकला, त्याला गाठायचं ते याच वेळी.